आजारातून उठताना लिहिलेल्या कविता: संग्रहाला नाव कसं द्यावं

प्रश्न: मला गुलेन बॅरी सिंड्रोम झाला होता. दोन महिने रुग्णालयात होते, त्यानंतर दीड वर्ष घरी फिजिओथेरपी चालू आहे. डाव्या पायाला अजून स्प्लिंट लागतं. या काळात लिहिलेल्या ५८ कवितांचा संग्रह करते आहे, हस्तलिखित सोबत आहे. ‘पुनर्जन्म’, ‘झुंज’, ‘राखेतून’, ‘वेदनेची वही’ आणि ‘घोटा’ अशी पाच नावं काढली आहेत. घरच्यांना पहिलं आवडतं, मला शेवटचं, पण ते फार लहान वाटतं. नाव कसं ठरवू?

उत्तर:

तुमच्या पाच नावांपैकी पहिली तीन बाजूला ठेवा. शब्द वाईट आहेत म्हणून नव्हे. ती नावं पुस्तकाच्या शेवटाच्याही पुढे जाऊन उभी राहिली आहेत आणि तिथून मागे वळून बोलत आहेत. तुमच्या कविता मात्र मधल्या काळात लिहिल्या गेल्या आहेत. पाय परत येईल की नाही हे कवितेतल्या बाईला माहीत नाही, आणि त्या न कळण्यातूनच कवितेची प्रत्येक ओळ आली आहे. मुखपृष्ठावर ‘पुनर्जन्म’ छापलं की निकाल आधीच लागतो. मग सतराव्या कवितेत तुम्ही रात्री अंगठा हलतो का ते पाहत पडून राहता, तेव्हा वाचक तुमच्याबरोबर थांबत नाही. त्याला उत्तर आधीच मिळालेलं असतं. बरं होण्याच्या काळातल्या कवितांची नावं बहुतेक वेळा याच जागी फसतात, म्हणून पहिली कसोटी काळाची: नाव कवितांच्याच काळात उभं आहे की त्यांच्यानंतरच्या?

‘झुंज’चा अडथळा वेगळा आहे. तुमच्या आजारात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच नसांवर हल्ला करते. अशक्तपणा बहुधा पावलांपासून वर चढतो, दोन ते चार आठवड्यांत तळ गाठतो, काही काळ तिथेच थबकतो आणि मग उलट्या क्रमाने, वरून खाली ओसरू लागतो. नसेचं फक्त बाहेरचं आवरण बिघडलं असेल तर ते तुलनेने लवकर भरून येतं. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो. रोग्याने कितीही जोर लावला तरी हा वेग वाढत नाही. व्यायामाने सांधे आखडत नाहीत आणि स्नायू तयार राहतात, पण नस आपल्या गतीनेच येते. तुमच्या कवितांना हे नेमकं ठाऊक आहे. त्यांत वाट पाहणं आहे, मोजणं आहे, दुसऱ्याच्या हातून जेवणं आहे. ‘झुंज’ हा शब्द अख्ख्या हस्तलिखितात एकदाच येतो, तोही भेटायला आलेल्या पाहुण्याच्या तोंडी, आणि तिथे तो तुम्हाला बोचतो आहे. जो शब्द कवितेने नाकारला तो मुखपृष्ठावर घेता येत नाही.

‘राखेतून’ हे नाव कर्करोगाच्या, घटस्फोटाच्या किंवा भूकंपाच्या पुस्तकालाही तितकंच चालेल. नाव काढून दुसऱ्या आजाराच्या पुस्तकावर ठेवून पाहायचं. तिथेही ते सहज बसलं, तर ते तुमच्या पुस्तकाचं नाही.

‘वेदनेची वही’कडे जरा थांबून पाहायला हवं, कारण त्यात एक चांगली गोष्ट आहे: ते निकाल सांगत नाही. तरी दोन कारणांनी मी ते घेणार नाही. वही, डायरी, रोजनिशी, नोंदी असे शब्द नावात आले की वाचक कवितेकडे कागदपत्र म्हणून पाहू लागतो. कोणत्या तारखेला काय झालं, कोणतं औषध दिलं, हे तो शोधतो आणि ओळीच्या लयीकडे त्याचं लक्ष राहत नाही. दुसरं कारण मोजून सापडतं. ‘वेदना’ हा शब्द ५८ पैकी फक्त दोन कवितांत आहे. तुमच्या पुस्तकात दुखण्यापेक्षा बधिरपणा जास्त आहे, मुंग्या आहेत, छताचा पंखा आहे, आकडे आहेत. ‘वेदना’ हा शब्द तुम्ही कवितांमधून नव्हे, आजाराबद्दलच्या सर्वसाधारण समजुतीतून उचललात.

हे मोजणं सगळ्याच कवितांसाठी एकदा नीट करा, कारण नाव बहुधा हस्तलिखितातच असतं. कागदाच्या एकाच बाजूला छपाई घ्या. पहिल्या वाचनात फक्त वस्तू आणि शरीराचे भाग अधोरेखित करा, दुसऱ्यात क्रियापदं. तिसऱ्या वाचनात दुसऱ्यांच्या तोंडची वाक्यं खुणावा: नर्स, फिजिओथेरपिस्ट, आई, शेजारी. मग एका कागदावर उभे चार रकाने आखा, तुमच्या चार विभागांचे, आणि प्रत्येक शब्द कोणत्या विभागातल्या किती कवितांत येतो ते लिहा. एका कवितेत तो चारदा आला तरी एकच धरायचा.

तुमच्या हस्तलिखितात रुग्णालयाच्या विभागात १४ कविता आहेत, अंथरुणाच्या १७, वॉकरच्या १५ आणि काठीच्या १२. ‘पंखा’ नऊ कवितांत येतो, पण त्यातल्या आठ पहिल्या विभागात आहेत. ‘मुंग्या’ आठ कवितांत येतात आणि पहिल्या तीन विभागांत पसरल्या आहेत. ‘घोटा’ पाच कवितांत आहे, सगळ्या शेवटच्या दोन विभागांतल्या. आणि फिजिओथेरपिस्टने दिलेला ताकदीचा आकडा, कधी ‘पॉवर दोन’, कधी ‘पाचपैकी एक’, कधी नुसता फाइलवरचा छेद, दहा कवितांत येतो: दोन, तीन, चार, एक अशा वाटणीने चारही विभागांत.

साधारण साठ कवितांच्या संग्रहात नावातली गोष्ट सहा ते दहा कवितांत आणि किमान तीन विभागांत असावी, असा माझा अंदाज आहे. त्याहून कमी असेल तर बाकीच्या कवितांना नावाचा आधार मिळत नाही. ती वीस-पंचवीस कवितांत येत असेल, तर ती लिहिण्याची सवय झालेली असते, आणि नावामुळे ती सवय वाचकाच्या डोळ्यांवर येते. या हिशेबाने ‘पंखा’ गळतो. ‘घोटा’ही डळमळतो. तुम्हाला ते नाव ‘लहान’ वाटतं ते अक्षरांमुळे नव्हे, ते पुस्तकाच्या अर्ध्याच भागावर पसरतं म्हणून. वाचकाला घोटा भेटेपर्यंत निम्म्याहून जास्त पुस्तक संपलेलं असतं.

‘घोटा’ निवडण्यामागची तुमची जाणीव मात्र अगदी बरोबर आहे. तो पाठीच्या कण्यापासून फार दूरचा सांधा, म्हणून तिथे ताकद फार उशिरा येते. त्यात बढाई नाही, आणि तुमचं स्प्लिंट अजून तिथेच आहे. नाव बदललं तरी हे तीन गुण सोडायचे नाहीत.

म्हणून मी तुम्हाला त्या आकड्याकडे वळवतो. स्नायूंची ताकद शून्य ते पाच अशी मोजण्याची ही पद्धत ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, नसांना झालेल्या दुखापती तपासण्यासाठी रूढ केली. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही. एक म्हणजे स्नायू नुसता थरथरतो, सांधा हलत नाही. दोन म्हणजे पलंगावर घासत सरकवता येतं, उचलता येत नाही. तीन म्हणजे स्वतःच्या वजनासह वर उचलता येतं, पण कुणी जरासं दाबलं की खाली जातं. चार म्हणजे थोडा दाब सोसतो, पाच म्हणजे नेहमीसारखं. तुमच्या वॉकरच्या विभागातली चौतिसावी कविता नेमकी तीनवर आहे: गुडघा उचलला जातो, फिजिओथेरपिस्ट दोन बोटं ठेवते आणि तो खाली येतो. माझ्या मते पुस्तकाचं नाव तिथे आहे: ‘पाचपैकी तीन’.

पहिली कसोटी ते पार करतं, कारण ते मधल्या काळातलं आहे. शेवट सांगत नाही, आणि पाच अजून आलेले नाहीत हेही लपवत नाही. ज्याला हा आजार माहीत नाही त्यालाही ‘पाचपैकी तीन’ म्हणजे काहीतरी अपुरं आणि तरी पास होण्याइतकं आहे, एवढं कळतं. चारही विभागांत त्याची मुळं आहेत. चार का नाही, असं तुम्ही विचाराल. चार हा आकडा तुमच्याकडे शेवटच्या विभागातच येतो, तिथे पुन्हा ‘घोट्या’चीच अडचण उभी राहते. शिवाय तीन ही पहिली पायरी आहे जिथे अंग जमिनीची ओढ मोडून वर येतं. तुमच्या निम्म्याअधिक कविता या एका घटनेच्या आधीच्या किंवा नंतरच्या आहेत.

‘मुंग्या’ हा दुसरा चांगला उमेदवार आहे. रोजचा शब्द, ऐकायला मोकळा, आजाराची पहिली खूण. अडचण अशी की संदर्भाशिवाय तो किडा होतो. चित्रकार मुखपृष्ठावर मुंग्यांची रांग काढेल आणि दुकानात पुस्तक बालकवितांच्या शेजारी जाऊन बसेल. ‘पाचपैकी तीन’ न जमल्यास मी याच्याकडे परत येईन, पण एखाद्या शब्दाची जोड देऊन.

आता ‘पाचपैकी तीन’मधले धोके. फाइलवर जसं असतं तसं ‘३/५’ असं छापायचा मोह होईल, मुखपृष्ठावर ते देखणंही दिसेल. तसं करू नका. ते मोठ्याने कसं वाचायचं हे कुणालाच कळणार नाही: तीन छेद पाच, तीन बाय पाच की तीन-पाच? आणि ‘तीनपाच करणं’ म्हटलं की मराठी माणसाला जे आठवतं ते तुमच्या कवितांना नको आहे. ग्रंथालयाच्या यादीत आणि दुकानाच्या शोधखिडकीत तिरक्या रेषेचं नाव सापडतही नाही. अक्षरी लिहा आणि ‘पाचपैकी’ एकच शब्द ठेवा. मुखपृष्ठावर ‘पाचपैकी’ आणि आत तोडलेलं ‘पाच पैकी’ असं गेलं, तर पुढे नोंदी दोन होतात. दुसरा धोका गुणपत्रिकेचा. समीक्षणात तारे देतात तसं हे वाटू शकतं. त्यावर उपाय नावात नाही, पुस्तकाच्या आत आहे, तो पुढे सांगतो.

मराठीत नावाला विभक्ती लागते, म्हणून नाव वाक्यात बोलून पाहणं फार गरजेचं आहे. ‘घोटा’ला काय झालं, की घोट्याला? ‘घोटा’तली कविता, की घोट्यातली? लोक दोन्ही म्हणतील, आणि दुसऱ्या रूपात पुस्तक हरवून नुसता पाय उरेल. ‘पाचपैकी तीन’मधली कविता, ‘पाचपैकी तीन’चं प्रकाशन, हे न अडखळता बोलता येतं. मग एखाद्या ओळखीच्या माणसाला फोनवर, गाडीच्या आवाजात, नाव एकदाच सांगा आणि दोन दिवसांनी त्याला लिहून पाठवायला सांगा. त्याने लिहिलेलं तुमच्या नावाशी जुळलं नाही, तर पुस्तक मागणाऱ्यालाही ते जुळणार नाही. ही परीक्षा घरच्यांवर घेऊ नका, त्यांना सगळं आधीच माहीत असतं.

नामकविता कुठे ठेवायची हाही प्रश्न आहे. पहिली ठेवली तर नावाचा उलगडा लगेच होतो आणि पुढे त्याला करण्यासारखं काही उरत नाही. शेवटी ठेवली तर ती समारोपासारखी वाजते. तुमची चौतिसावी ५८ मध्ये अर्ध्याच्या थोडी पुढे आहे, ती तिथेच राहू द्या. मात्र एक दुरुस्ती हवी. सध्या तिची शेवटची ओळ ‘पाचपैकी तीन’ अशीच आहे. नाव मुखपृष्ठावर गेलं की ही ओळ वाचकाला आधीच पाठ असते, तिचा धक्का जातो. आकडा कवितेच्या मधोमध, फिजिओथेरपिस्टच्या तोंडी आणा, आणि शेवट खाली आलेल्या गुडघ्यावर होऊ द्या. कवितेचं शीर्षकही वेगळं ठेवा. दुसऱ्या विभागातल्या ज्या दोन कवितांत आता नुसता ‘पॉवर’ शब्द आहे, तिथे आकडा पुरा लिहिलात तर चौतिसाव्या कवितेपर्यंत वाचक तयार होतो. एवढ्यासाठी नव्या कविता लिहू नका. नावाला पुरवायला म्हणून लिहिलेल्या कविता ओळखू येतात.

मराठीत आणखी एक वाट आहे, ती तुम्ही तपासून पाहायला हवी: जागा किंवा वेळ सांगून पुढे ‘कविता’ हा शब्द. १९६७ साली आलेले दोन संग्रह, ना. धों. महानोरांचा ‘रानातल्या कविता’ आणि ग्रेस यांचा ‘संध्याकाळच्या कविता’, याच बांधणीचे आहेत. ही बांधणी कोणताही दावा करत नाही, फक्त वाचकाला कुठे उभं राहायचं ते दाखवते, आणि बऱ्या होण्याच्या काळातल्या कवितांना तो संयम शोभतो. तुमच्याकडे त्यातून ‘वॉकरच्या कविता’ तयार होतं. ते वाईट नाही. फक्त त्यात पुस्तकाचा एक विभाग सगळ्या पुस्तकाचा मालक होतो, आणि वॉकर म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर म्हातारपण येतं.

आजाराचं नाव कुठे घालायचं? शीर्षकात नाही, उपशीर्षकातही नाही. उपशीर्षकाच्या जागी फक्त ‘कवितासंग्रह’. ‘जीबीएसशी दिलेल्या लढ्याच्या कविता’ असं काही खाली आलं, की वर केलेलं सगळं काम वाया जातं. शिवाय शीर्षक-उपशीर्षक एकदा नोंदींत गेलं की तुमच्या नावाशेजारी आजाराचं नाव कायमचं राहतं, तुमचं नाव शोधणाऱ्या कुणालाही ते दिसतं. मलपृष्ठावर ते एका वाक्यात येऊ शकतं आणि कवितांच्या आधी एक छोटी टीप हवी. १९७२ च्या ‘गोलपिठा’ या संग्रहाचं नाव मुंबईच्या एका वस्तीचं, अनेक वाचकांना अनोळखी. नामदेव ढसाळांनी ते तसंच ठेवलं आणि त्या जगाची ओळख विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेने करून दिली. तुम्हाला प्रस्तावनेची गरज नाही, सहा ओळी पुरतील. शून्य ते पाच या पायऱ्या साध्या शब्दांत, एकेका ओळीत, आणि त्यापुढे काहीही नाही. आभार नाहीत, आजाराची हकिगत नाही. गुणपत्रिकेचा गैरसमज या सहा ओळींनीच जातो.

घरच्यांना ‘पुनर्जन्म’ का हवं ते समजण्यासारखं आहे. व्हेंटिलेटरच्या दिवसांत ते बाहेरच्या बाकावर होते, तुम्ही परत येणं त्यांनी पाहिलं आहे, आणि त्यांच्या बाजूने तो शब्द खरा आहे. त्याला अर्पणपत्रिकेत जागा द्या. तिथे तो त्यांचा शब्द म्हणून येईल, कवितांवर निकाल म्हणून नाही.

छपाईचं थोडं. ५८ कविता, त्यांतल्या काही दोन पानी, आणि सुरुवातीची पानं धरून पुस्तक ९६ पानांचं, म्हणजे सोळापानी सहा फॉर्मचं होईल. ८० जीएसएमचा मॅपलिथो कागद घेतला तर अशा पुस्तकातल्या ४८ कागदांची जाडी ५ मिलिमीटरच्या आसपास येते, आणि घडी इकडे-तिकडे सरकते म्हणून दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर सोडावा लागतो. पुस्तकाच्या कण्यावर अक्षराला उरतात जेमतेम ३ मिलिमीटर, आणि देवनागरीत त्यातच वरच्या मात्रा आणि खालचे उकारही बसवायचे असतात. ‘गुरुत्वाच्या विरुद्ध’ असं नाव तिथे वाचताच येणार नाही. ‘पाचपैकी तीन’ला वर मात्रा-वेलांटी आहेत, पण खाली काहीच लोंबत नाही, त्यामुळे अक्षर थोडं मोठं घेता येतं. डिझायनरकडून कण्याचा खऱ्या मापाचा छापील नमुना मागा, पडद्यावर पाहून होकार देऊ नका.

हे नाव आधी कुणी वापरलं आहे का, ते शोधताना ‘पाच पैकी तीन’, ‘पाचपैकी ३’ अशी सगळी रूपं टाकून पाहा: बुकगंगासारख्या दुकानांच्या संकेतस्थळांवर, मोठ्या ग्रंथालयांच्या सूचींत आणि साध्या शोधातही. नुसत्या शीर्षकावर स्वामित्वहक्क नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली एका हिंदी चित्रपटाच्या नावाच्या वादात स्पष्ट केलं आहे. म्हणजे जुनं नाव पुन्हा घेतल्याने कायद्याची अडचण सहसा येत नाही. पण गेल्या काही वर्षांतला कवितासंग्रहच त्या नावाचा निघाला, तर घेऊ नका, वाचकाच्या हाती चुकीचं पुस्तक पडेल. कादंबरी किंवा नाटक असेल तर चालवून घेता येतं.

क्रम असा ठेवा: आधी कवितांचा क्रम पक्का, मग नाव, मग निदान तीन आठवडे त्याला हात लावायचा नाही, आणि त्यानंतर आयएसबीएनचा अर्ज. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, पण अर्जात शीर्षक लिहावं लागतं, आणि नंतर नाव बदललं की दुरुस्तीचे सोपस्कार आणि जुन्या-नव्या नोंदींचा घोळ मागे लागतो. मुखपृष्ठाचं काम त्याच सुमारास सुरू करा. चित्रकाराला रुग्णालयातला फोटो पाठवू नका, आजाराची माहितीही नको. सातवी, चौतिसावी आणि बावन्नावी अशा तीन कविता पाठवा, आणि एवढंच सांगा की चित्रात तीन वस्तू, तीन बोटं किंवा तीनचा आकडा नको.